नंबर काढताना काय निसटतं: बक्षीस समारंभात केलेलं एक भाषण

शाळेच्या बक्षीस समारंभात बोलायला मला सांगितलं तेव्हा विषय मीच निवडला. मी गणित शिकवतो, वर्गाचे निकालाचे तक्ते स्वतः बनवतो, आणि तक्ता बनवणाऱ्याला नंबर कसा पडतो ते आतून दिसतं. बाहेर स्टेजवर फक्त "प्रथम क्रमांक, द्वितीय क्रमांक" एवढंच ऐकू जातं. स्टेजवर जे बोललो ते आणि वेळेअभावी तिथे न मावलेलं असं सगळं एकत्र इथे लिहितोय. आकडे कुठल्या खऱ्या मुलाचे नाहीत, हिशोब कळावा म्हणून मी मांडलेत, पण वर्षानुवर्षं तक्ते बनवताना जे दिसतं तेच त्यात आहे.

सुरुवात मी तक्त्यापासूनच केली. समजा वर्गात चाळीस मुलं आहेत, सहा विषय, सहाशे मार्क. पहिल्या मुलीला ५५२, दुसऱ्याला ५५१, आणि सातव्या नंबरच्या मुलाला ५४१. म्हणजे पहिल्या आणि सातव्यात फरक अकरा मार्कांचा, विषयामागे दोन मार्कसुद्धा नाही. तरी पहिली स्टेजवर येते, ट्रॉफी घेते, फोटो निघतो, आणि सातवा खाली बसून टाळ्या वाजवतो. आता तक्त्याच्या मधल्या भागात या. तिथे ३८० ते ४०० या वीस मार्कांत अकरा मुलं दाटीवाटीने बसलेली असतात, कारण कुठल्याही वर्गात बहुतेक मुलं मध्येच असतात, आणि तिथे दोन-तीन मार्क इकडचे तिकडे झाले की मूल एकदम दोन-तीन नंबर वर जातं नाहीतर खाली येतं. घरी विचारतात, अरे मागच्या वेळी सतरावा होतास, आता विसावा कसा? काही झालेलं नसतं हो. एका प्रश्नाचा अर्धा भाग राहिला, बस.

आणि मग तक्त्याची शेवटची ओळ. चाळीसाव्या मुलाला २१०, एकोणचाळीसाव्याला २७२. आता हा चाळीसावा मुलगा वर्षभर राबला, ६० मार्क वाढवले, २७० पर्यंत आला, बाकी सगळे होते तिथेच राहिले, तर त्याचा नवा नंबर काय? चाळीसावाच. वर्गात सगळ्यात जास्त पुढे गेलेला मुलगा आणि त्याच्या प्रगतिपुस्तकातला नंबर जागचा हललेला नाही. हे वाक्य मी स्टेजवरून दोनदा म्हटलं, कारण नंबर नावाच्या गोष्टीची सगळी अडचण मला त्यात दिसते. नंबर काढताना आपण मार्कांमधली अंतरं फेकून देतो, फक्त क्रम ठेवतो, आणि मूल कुठून निघालं होतं हे तर आपण मुळात विचारातच घेत नाही.

इथे पालक म्हणतात, बरं नंबर सोडा, मार्क तरी खरे ना? मार्क बऱ्यापैकी खरे असतात, पण दोन-चार मार्कांवर मुलांना वरखाली करावं इतके खरे नसतात. अमेरिकेत १९१२ साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघांनी इंग्रजीच्या त्याच त्या उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांकडून वेगवेगळ्या तपासून घेतल्या, आणि एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी मिळालेल्या मार्कांत तीसहून जास्त मार्कांचा फरक निघाला. लोक म्हणाले, भाषा विषय आहे, होणारच. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर घेतला, तर तिथे फरक अजून वाढला. मी गणिताचा असल्यामुळे मला यात जराही आश्चर्य वाटत नाही. एक जण उत्तर चुकलं की शून्य देतो, दुसरा रीत बरोबर आहे म्हणून पाचपैकी चार देतो, तिसरा आकृती गिचमिड आहे म्हणून एक कापतो. आजकाल उत्तरतालिका असते, एकेका पायरीला किती मार्क ते लिहिलेलं असतं, त्यामुळे फरक पुष्कळ कमी झालाय, हे मान्य. पण तो विषयामागे दोन मार्कांच्या आत आलाय असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि पहिल्या-सातव्यातलं अंतर तर तेवढंच आहे.

इथपर्यंत सगळे माना डोलावत होते. अवघड भाग पुढे आहे, कारण "मार्कांऐवजी सुधारणा बघा" हे म्हणायला फार सोपं आहे आणि सुधारणा मोजायला बसलं की तिथेही तेवढेच खड्डे आहेत. ते न सांगता नुसतं सुधारणेचं कौतुक करून खाली उतरलो असतो तर ते अर्धवट झालं असतं.

दोन मुलं घेऊ. एक पहिल्या बाकावरची मुलगी, गणितात पहिल्या चाचणीला तिला ८८, पाचव्या चाचणीला ९१. दुसरा खिडकीजवळचा मुलगा, पहिल्या चाचणीला ३४, पाचव्या चाचणीला ५८. सरळ वजाबाकी केली तर मुलगी ३ ने वाढली, मुलगा २४ ने. झालं, सुधारणेचं बक्षीस मुलाला. पण थांबा जरा. त्या मुलीला वाढायला जागाच किती होती? शंभरातून अठ्ठ्याऐंशी गेले, बारा. नुसत्या वजाबाकीवर बक्षीस द्यायचं म्हटलं तर वरच्या मुलांना ते कधीच मिळू शकणार नाही, त्यांनी कितीही कष्ट करोत.

यावर एक उपाय भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांमध्ये बराच वापरला जातो. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे आकडे घेऊन तो मांडला, वेगवेगळ्या शिकवण्याच्या पद्धतींनी वर्ग किती पुढे गेले हे बघण्यासाठी. वाढलेले मार्क भागिले वाढायला शिल्लक असलेले मार्क, एवढंच. मुलीचं झालं ३ भागिले १२, म्हणजे शिल्लक जागेपैकी पाव भाग तिने भरला. मुलाचं २४ भागिले ६६, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडं जास्त. बघा, वजाबाकीत आठपट वाटणारा फरक इथे किती जवळ आला. मुलगा अजूनही पुढे आहे, पण मुलीने केलेलं कामसुद्धा आता दिसायला लागलं.

पण हा आकडा वर्गाच्या सरासरीसाठी चांगला आहे, एकेका मुलावर लावला तर वरच्या टोकाला भलतंच काहीतरी होतं. ९८ वाली मुलगी पुढच्या वेळी ९६ वर आली तर वजा दोन भागिले दोन, म्हणजे वजा एक, म्हणजे तिची पूर्ण शंभर टक्के अधोगती! दोन मार्कांसाठी. त्यामुळे मी तो वर्गाकडे बघायला वापरतो, मुलांना बक्षीस द्यायला नाही.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे आणि त्यात शिक्षक, पालक सगळेच पडतात. खिडकीजवळच्या मुलाला पहिल्या चाचणीला ३४ मिळाले होते ना, त्या दिवशी त्याला ताप होता असं समजा. किंवा ताप नव्हता, फक्त त्याने नेमका तोच धडा सोडला होता जो पेपरात जास्त आला. एरवी तो ४० ते ४५ च्या आसपासचा मुलगा. मग पुढच्या चाचणीत तो काहीही वेगळं न करता ४६ पर्यंत येऊ शकतो, आणि कागदावर दिसेल बारा मार्कांची सुधारणा. जो एखाद्या पेपरात फार खाली गेला तो पुढच्या वेळी बहुतेक वर येतो, आणि जो फार वर गेला तो थोडा खाली येतो, कारण त्या टोकाच्या मार्कांत थोडा भाग नशिबाचा असतो आणि नशीब लागोपाठ दोनदा तसंच लागेल असं नाही. हे पहिल्यांदा नीट दाखवलं फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली, आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने बघितलं तर आईबापांइतकी टोकाची नाही.

आता हे वर्गात काय करतं बघा. मुलाचा पेपर फार वाईट जातो, आपण त्याला झापतो, पुढचा पेपर बरा येतो, आपल्याला वाटतं झापल्याचा परिणाम झाला. मुलीला एकदम ९७ पडतात, आपण तोंडभरून कौतुक करतो, पुढच्या वेळी ९१ येतात, आपल्याला वाटतं कौतुकाने डोक्यात हवा गेली. दोन्ही वेळी मार्क आपले आपल्या जागी परत आले असण्याची शक्यता मोठी आहे, पण आपण मात्र त्यातून शिकतो की रागवावं आणि कौतुक करू नये. कितीतरी घरांत मुलांचं कौतुक होत नाही त्यामागे हा चुकीचा धडा आहे असं मला मनापासून वाटतं, आणि हे सांगताना समोर बसलेल्या पालकांकडे मी मुद्दाम बघितलं.

म्हणून कुठल्याही एका पेपरापासून सुधारणा मोजायची नाही. मागच्या काही पेपरांची सरासरी काढायची आणि नवा पेपर त्या सरासरीशी ताडून बघायचा. यासाठी मला आवडलेली पद्धत रॉबर्ट स्लाव्हिन यांची, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते मुलांच्या गटाने शिकण्यावर काम करत होते, त्यात ही गुणांची पद्धत आली. हिशोब पाटीवर करता येईल इतका सोपा आहे. प्रत्येक मुलाचा स्वतःचा पाया ठरवायचा, मी मागच्या तीन पेपरांची सरासरी जवळच्या पूर्ण आकड्यात घेतो. नवा पेपर पायापेक्षा दहाहून जास्त मार्कांनी खाली गेला तर ५ गुण, एक ते दहा मार्कांनी खाली तर १०, पायाएवढा किंवा दहा मार्कांपर्यंत वर तर २०, दहाहून जास्त वर तर ३०. आणि पेपर पूर्ण बरोबर असेल तर पाया कितीही असो, ३०. ही शेवटची अट वरच्या मुलांसाठी, म्हणजे ज्याला वर जायला जागाच नाही त्याचं नुकसान होऊ नये.

आता खिडकीजवळच्या मुलाचं करू. त्याचे पहिले तीन पेपर ३४, ४६, ४०, पाया झाला ४०. चौथ्याला ४५, पाच वर, म्हणून २०. आता पाया पुढे सरकतो, ४६, ४०, ४५ ची सरासरी साधारण ४४. पाचव्याला ५८, चौदा वर, ३० गुण. इथे लक्षात घ्या, पहिल्या पेपराशी ताडलं तर वाढ चोवीसची दिसत होती, त्याच्या नेहमीच्या पातळीशी ताडलं तर ती चौदाची आहे, उरलेले दहा त्या पहिल्या वाईट दिवसाचे होते. पुन्हा पाया सरकला, ४०, ४५, ५८ चा साधारण ४८, आणि सहाव्या पेपराला त्याला पडले ५६. घरी काय होईल? अठ्ठावन्नचे छप्पन्न झाले, दोन मार्क कमी का? पण पायापेक्षा तो आठ मार्क वर आहे, त्याला २० गुण. तीन पेपरांचे मिळून ७०.

पहिल्या बाकावरची मुलगी, तिचे ८८, ९०, ८६, पाया ८८. चौथ्याला ८७, एक मार्क खाली, म्हणून १०. पाचव्याला ९१, पाया तेव्हाही साधारण ८८, २०. सहाव्याला ९३, पुन्हा पाया ८८, पुन्हा २०. एकूण ५०. दोघंही पुढे चाललेत हे दिसतं, आणि कुणीच कुणाशी ताडलं गेलेलं नाही. एक मार्क खाली गेला म्हणून दहा गुण गेले हे मलाही खटकतं, सीमारेषेवर कुठल्याही पद्धतीत असं होतं, म्हणून मी एका पेपराचे गुण कधी जाहीर करत नाही, तीन-चार पेपरांचे मिळूनच बघतो.

नववीतल्या एका मुलाने मागे मला विचारलं होतं, सर, मग पहिल्या पेपरात मुद्दाम कमी लिहिलं तर? फार चांगला प्रश्न, आणि मी तो भाषणात घेतला. ७० च्या पातळीचा मुलगा मुद्दाम ५० आणतो, वीसने खाली, ५ गुण. पाया घसरून ६३ वर येतो, मग तो ७४ आणतो, अकरा वर, ३०. मग पाया ६५, तो ७५ आणतो, दहाच वर, २०. एकूण ५५. तोच मुलगा सरळ लिहून ७०, ७४, ७५ आणता तर तिन्ही वेळा वीस-वीस, ६०. म्हणजे चलाखी अंगाशी आली. पण शेवटच्या पेपराला ७५ ऐवजी ७६ पडले असते तर चलाखीला ६५ मिळाले असते, हेही त्याच वेळी सांगितलं, कारण मुलं घरी जाऊन हिशोब करणारच. चलाखीला लगाम बसतो तो दुसरीकडून: वर्षाच्या निकालात तो ५० चा पेपर पन्नासच धरला जातो, तिथे वीस मार्क कायमचे गेलेले असतात. म्हणून माझं म्हणणं असं आहे की मार्कांचा तक्ता ठेवावा, सुधारणेचाही ठेवावा, एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी.

तिसरी अडचण पेपरची. एखादा पेपर सोपा निघाला की अख्खा वर्ग सुधारलेला दिसतो. काही जण म्हणतात वर्गाची सरासरी सहाने वाढली असेल तर प्रत्येकाचे सहा वजा करा, पण ९६ वाली मुलगी सोप्या पेपरातही सहाने वाढू शकत नाही, तिचे सहा कापणं अन्याय होईल. मी साधं बघतो. तीन चतुर्थांशाहून जास्त मुलं आपापल्या पायाच्या वर गेली तर पेपर सोपा होता असं धरतो, आणि तेवढीच खाली गेली तर कठीण, आणि तो पेपर सुधारणेच्या हिशोबातून सोडून देतो. थोडी माहिती वाया जाते, चालेल.

इथे मी श्वास घेतला आणि दुसऱ्या गोष्टीकडे वळलो, कारण सुधारणा आणि मेहनत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या कायम एकत्र करतो. खूप मेहनत करून मार्क जागच्या जागी राहिलेलं मूल प्रत्येक वर्गात असतं. कधी ते चुकीच्या पद्धतीने अभ्यास करत असतं, तीच सोडवलेली गणितं पुन्हा पुन्हा वाचत असतं आणि स्वतः कोऱ्या कागदावर एकही सोडवत नसतं. कधी मागच्या इयत्तेतलं काहीतरी कच्चं राहिलेलं असतं, अपूर्णांक येत नसतील तर समीकरणं कितीही घोटली तरी तिथेच अडणार, आणि मार्क हलायच्या आधी ते मूल खाली उतरून पाया भरत असतं, त्या काळात कागदावर काहीही दिसत नाही.

मग मेहनत मोजायची कशी? तास मोजून नाही, ज्या मुलाला घरी लहान भावंडांना सांभाळायचं असतं त्याच्याकडे तासच नसतात. शिक्षकाच्या मनावरही सोडू नये, कारण आपण सगळे नकळत नीटनेटकी वही, शांत स्वभाव, सुंदर अक्षर यांनाच मेहनती म्हणतो, आणि चुळबुळ करणारं पण खरोखर झगडणारं मूल आपल्याला बेशिस्त वाटतं. मी स्वतः चुकांच्या वहीवर भरवसा ठेवतो. उत्तरपत्रिका परत मिळाली की मुलाने प्रत्येक चूक वहीत लिहायची आणि शेजारी कारण: रीत माहीत नव्हती, रीत माहीत होती पण आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, किंवा वेळ पुरला नाही. मग साधारण आठवड्याने तेच प्रश्न आकडे बदलून, वही बंद ठेवून सोडवायचे. एखाद्याच्या एकोणीस चुका होत्या आणि आठवड्याने त्यातल्या चौदा त्याने स्वतः बरोबर सोडवल्या, तर हे मेहनतीचं फळ आहे आणि ते हातात धरून दाखवता येतं. पुढच्या परीक्षेत मार्क वाढोत न वाढोत. ढोंग लगेच कळतं, ज्याने उत्तरं नुसती उतरवून घेतली त्याला आकडे बदलले की चौथी पायरी येत नाही.

या वहीला मी मार्क देत नाही, फक्त शेरा लिहितो, त्याला कारण आहे. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९८८ साली छापून आला. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, म्हणजे काय जमलं आणि काय करून बघायचं ते, आणि काहींना गुण आणि शेरा दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि गोडी टिकली, वाढली. आपल्याला वाटेल दोन्ही मिळालेल्यांचं सगळ्यात चांगलं झालं असेल, तर नाही, त्यांचं जवळपास फक्त गुण मिळालेल्यांसारखंच झालं. आकडा दिसला की मूल शेऱ्याकडे बघत नाही, "तुला किती? मला किती?" इथेच सगळं थांबतं. कुठल्याही वर्गात उत्तरपत्रिका वाटताना हे डोळ्यांनी बघता येतं.

आता राहिलं बक्षीस. मार्कांवरून येणारं बक्षीस बंद करा असं मी म्हटलेलं नाही. ज्या मुलीने ५५२ मिळवलेत तिने ते कष्टाने मिळवलेत, तिचा सत्कार व्हायलाच हवा. माझी तक्रार फक्त तेवढंच एक बक्षीस असण्याबद्दल आहे. आणि दुसरं बक्षीस ठेवताना बहुतेक शाळा ते "उत्तेजनार्थ" म्हणून ठेवतात, सगळ्यात शेवटी, लोक उठायला लागलेले असताना, लहान आकाराचं प्रमाणपत्र. मुलांना त्यातला अर्थ बरोबर समजतो. तुला खरं बक्षीस नाही, पण रडू नकोस. असं दिलेलं बक्षीस न दिलेलं बरं.

मोठ्या बाईंशी आधीच बोलणं झालं होतं, त्यामुळे यंदा क्रम बदलला होता. सुधारणेची प्रमाणपत्रं सगळ्यात आधी, आकार तोच, सही तीच. आणि त्यात पहिला-दुसरा नाही. ठरवलेली रेषा होती, शेवटच्या तीन पेपरांत मिळून ६० गुण, म्हणजे सरासरी प्रत्येक वेळी आपल्या पायाएवढं किंवा वर, आणि जो कुणी रेषा गाठेल त्याला मिळणार, पाच असोत नाहीतर पंचवीस. चुकांच्या वहीचं प्रमाणपत्र वेगळं, त्याची रेषा वेगळी. कारण सुधारणेतही आपण पहिला-दुसरा-तिसरा काढायला लागलो तर तिथेही तेच होणार, एका गुणाने चौथा आलेला मुलगा खाली बसणार. आमची पहिल्या बाकावरची मुलगी या वेळी ५० वर थांबली, तिला सुधारणेचं मिळणार नाही आणि ते ठीक आहे, पुढच्या तीन पेपरांत तिच्यासाठी दार उघडंच आहे.

नाव पुकारताना नुसतं नाव नको असा माझा आग्रह होता. प्रत्येकाच्या प्रमाणपत्रावर एक ओळ, नेमकी काय गोष्ट बदलली त्याची, आणि ती माइकवरून वाचायची. "कंसापुढे वजा चिन्ह आलं की आतली चिन्हं बदलायची राहून जायची, आता राहत नाहीत." "निबंधात एकच परिच्छेद असायचा, आता मुद्द्याप्रमाणे पाच असतात." "प्रयोगाच्या वहीत निरीक्षण आणि अनुमान एकत्र लिहायचा, आता वेगळं लिहितो." विषय शिक्षकांना हे लिहायला वेळ लागला, काहींनी सुरुवातीला "खूप छान प्रगती" असं लिहून दिलं होतं, ते परत पाठवलं. जे शिक्षक ओळ लिहू शकले त्यांना ते मूल माहीत होतं, आणि जिथे ओळ सुचेना तिथे वही मागवून पुन्हा बघितली गेली, हा फायदा मी आधी धरलाच नव्हता.

भाषणानंतर एका वडिलांनी मला गाठलं आणि सरळ विचारलं, सर हे सगळं पटलं, पण पुढे प्रवेशाला तर नंबरच लागतो ना? लागतो. जिथे जागा साठ आहेत आणि अर्ज सहाशे, तिथे कुणाला घ्यायचं हे कशावरून तरी ठरवावंच लागतं, आणि तिथेही सीमारेषेवर एका मार्काने बाहेर राहिलेलं मूल आत गेलेल्यापेक्षा कमी आहे असं कुणी समजू नये. पण शाळेच्या समारंभात जागा मोजक्या नाहीत. तिथे कुणाला बाहेर ठेवायचं बंधन आपल्यावर नाही, मग प्रवेशाच्या रांगेचा नियम आपण शाळेच्या हॉलमध्ये कशासाठी लावायचा? त्यांनी मुलाच्या शेवटच्या चाचणीचा कागद खिशातून काढला, गणितात ५२ होते. मी म्हटलं, मागचे तीन सांगा. ते त्यांना आठवत नव्हते. मुलगा शेजारीच उभा होता, तो म्हणाला, बाबा, ४१, ४८, ४६, आणि तिथेच त्याने तोंडी सरासरी काढून वडिलांना सांगितली, ४५, म्हणजे सात वर.